उडवायची, झाकायची की ताकीद द्यायची?

पुण्यातल्या भाडेकरूंचा एक मोठा ऑनलाइन समूह आहे, सभासद लाखभर, असं समजा. शनिवारी रात्री पावणेदहाला तिथे एक पोस्ट येते. लिहिणारी सभासद नवी आहे. तिचं म्हणणं असं, की घर सोडून तीन महिने झाले, तरी एजंट ६० हजार रुपयांचं डिपॉझिट परत करत नाही आणि आता फोनही उचलत नाही. इथपर्यंत पोस्ट नियमात बसते, उलट अशा गोष्टी सांगता याव्यात म्हणूनच तो समूह आहे. पण खाली तिने एजंटचा मोबाइल नंबर, त्याच्या घराचा पत्ता आणि बायकोमुलांसोबतचा फोटो टाकला आहे. शेवटची ओळ आहे, ‘सगळ्यांनी फोन करा, आज याला झोपू देऊ नका.’

दहा वाजून पाच मिनिटांनी पहिली तक्रार मॉडरेटरकडे पोचते. तोवर तीसेक प्रतिसाद आलेले असतात. दोघांनी नंबर पुन्हा चिकटवलाय. एकाने लिहिलंय, ‘उद्या सकाळी त्याच्या घरी जाऊ, कोण कोण येतंय?’ आणि या गर्दीत एक लांब, शांतपणे लिहिलेला प्रतिसादही आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, डिपॉझिट घरमालकाकडे होतं की एजंटकडे हे करारातच बघा, आधी लेखी नोटीस पाठवा, असं त्यात नीट सांगितलेलं आहे. फक्त सुरुवातीला मूळ पोस्ट उद्धृत करताना त्यातही तो नंबर आलाय.

मॉडरेटरपुढे ढोबळमानाने तीन बटणं असतात. पोस्ट काढून टाकायची, लपवायची किंवा लिहिणाऱ्याला ताकीद द्यायची. बहुतेक नवे मॉडरेटर यांच्याकडे शिक्षेच्या चढत्या पायऱ्या म्हणून बघतात. ताकीद सौम्य, लपवणं मधलं, काढणं कडक. मला ही समजूत मुळातच चुकीची वाटते आणि मोठ्या समूहांतली निम्मी भांडणं तिच्यातून उगवतात. काढणं आणि लपवणं हे निर्णय मजकुराबद्दलचे आहेत, ताकीद हा माणसाबद्दलचा. मजकूर भयंकर असूनही माणूस निर्दोष असू शकतो, कारण त्याला नियमच माहीत नसतो. उलट मजकूर किरकोळ असतो, पण तोच माणूस तीच खोडी पाचव्यांदा करत असतो. म्हणून निर्णय दोनदा घ्यावा लागतो, एकदा पोस्टचा आणि एकदा पोस्ट टाकणाऱ्याचा.

पोस्टबद्दल पहिला प्रश्न असा, की ती नुसती दिसत राहिल्याने दर मिनिटाला नुकसान वाढतंय का? विषय सोडून लिहिलेली किंवा चुकीच्या विभागात टाकलेली पोस्ट तासभर राहिली तरी काही बिघडत नाही. फोन नंबर आणि घरचा पत्ता मात्र प्रत्येक नव्या वाचकाबरोबर पसरत जातो. दुसरा प्रश्न असा, की नियम मोडणारा भाग वेगळा काढला तर मागे काही उरतं का? जाहिरातीच्या स्पॅममध्ये काहीच उरत नाही. आपल्या उदाहरणात मात्र खरी, उपयोगाची तक्रार उरते. दर मिनिटाला नुकसान होत असेल आणि मागे काही उरणार असेल, तर लपवणं हे योग्य हत्यार. मागे काहीच उरणार नसेल तर काढून टाकावं. आणि नुकसान होतच नसेल तर पोस्टला हात न लावता लिहिणाऱ्याशी बोलावं.

हे कागदावर सोपं वाटतं. अडचण अशी, की ‘लपवली’ म्हणजे नक्की काय झालं हे प्रत्येक व्यवस्थेत वेगळं असतं आणि मॉडरेटरला ते ठाऊक नसेल तर तो भलत्याच भ्रमात राहतो.

डिस्कोर्स ही अनेक समूह वापरतात ती मुक्त प्रणाली घ्या. तिथे पुरेशा विश्वासू सभासदांनी पोस्टला झेंडा लावला, म्हणजे तक्रार केली, की ती आपोआप लपते आणि तिच्या जागी समूहाच्या तक्रारींमुळे पोस्ट तात्पुरती लपवल्याची सूचना दिसते. लेखकाला खासगी संदेश जातो. मूळ मांडणीनुसार दहा मिनिटं थांबून त्याने पोस्ट सुधारली, तर ती पुन्हा आपोआप दिसू लागते. दुसऱ्यांदा तक्रारी होऊन लपली तर मात्र मॉडरेटरने बघेपर्यंत ती लपलेलीच राहते. ही दहा मिनिटांची अट मला फार शहाणपणाची वाटते. रागाच्या भरात लिहिणाऱ्याला लगेच सुधारणा करू दिली, तर तो एखादा शब्द बदलून तेच पुन्हा टाकतो.

फेसबुकच्या पेजवर प्रतिक्रिया लपवली तर ती लिहिणाऱ्याला आणि त्याच्या फेसबुकवरच्या मित्रांना दिसतच राहते, बाकीच्यांना दिसत नाही. त्याला कसली सूचनाही जात नाही. म्हणजे ज्या मित्रांना तो भडकवतोय, नेमके तेच ती वाचत राहतात. रेडिटवर तर मॉडरेटरने काढलेली टिप्पणी लेखकाला आपल्या खात्यातून जशीच्या तशी दिसू शकते. मुद्दाम कळवलं नाही तर त्याला पत्ताच लागत नाही आणि कोणी उत्तर का देत नाही याचं नवल करत तो बसतो. स्पॅम पाठवणाऱ्या यंत्रांना गाफील ठेवायला हे ठीक आहे. माणसाशी असं वागणं मला पटत नाही. त्याने काय चूक केली हे त्याला कळतच नाही, मग पुढच्या वेळी तो सुधारणार कसा?

म्हणून लपवल्यावर किंवा काढल्यावर एक साधी तपासणी दरवेळी करावी. ब्राउझरच्या खासगी खिडकीत, लॉगिन न करता, त्या पानाचा दुवा उघडून बघावा. मॉडरेटरच्या खात्यातून सगळंच दिसतं, त्यामुळे त्या खात्यातून केलेली तपासणी काही सांगत नाही. दुवा व्हॉट्सऍपवर चिकटवून पूर्वदृश्यात काय येतं तेही बघावं, कारण आपल्याकडे असल्या पोस्टचा पुढचा प्रवास तिथूनच होतो.

काढून टाकण्यातही थर असतात. ते सगळ्यात नीट उलगडून दिसतात विकिपीडियावर. तिथे कोणी लेखात एखाद्याचा फोन नंबर घुसवला आणि दुसऱ्याने तो बदल उलटवला, तर लेखातून नंबर जातो, पण इतिहासाच्या पानावरची जुनी आवृत्ती कोणीही उघडू शकतो. त्याच्या वरचा थर म्हणजे ती आवृत्तीच वगळणं. मग ती फक्त प्रचालकांना दिसते. त्याहून वरच्या थरात ती प्रचालकांपासूनही दडवली जाते आणि मोजक्या, खास अधिकार दिलेल्या लोकांनाच दिसते. जाहीर नसलेली खासगी माहिती या शेवटच्या थरात जाते. अशी माहिती दडवण्याची विनंती चर्चापानावर जाहीरपणे करू नका, ईमेलने करा, असंही तिथे बजावलेलं आहे. कारण उघड आहे. ‘अमक्या लेखाच्या इतिहासात अमक्याचा नंबर आहे, काढा’ असं चारचौघांत लिहिलं, की शंभर जण आधी तो इतिहासच उघडणार.

हीच गोष्ट आपल्या समूहांनाही लागू आहे. पोस्ट सुधारायला सांगितली, लेखिकेने नंबर खोडला, पोस्ट पुन्हा दिसू लागली, काम झालं असं वाटतं. पण बऱ्याच प्रणालींत सुधारणांचा इतिहास सगळ्यांना खुला असतो. डिस्कोर्सवर पोस्टच्या कोपऱ्यातल्या पेन्सिलवर टिचकी मारली, की जुना मजकूर नंबरासकट समोर येतो. ती जुनी आवृत्ती मॉडरेटरला वेगळी लपवावी लागते. फोटोचंही तसंच असतं. पोस्टमधून फोटो काढला तरी त्या चित्राचा थेट दुवा काही काळ उघडत राहू शकतो आणि ज्यांना ईमेलने सूचना गेली, त्यांच्या पेटीतलं पत्र तर परत मागवता येतच नाही. म्हणून अशा प्रकरणात पहिली पाच मिनिटं मोलाची असतात. लपवायची की काढायची याची चर्चा नंतर करता येते, आधी दिसणं थांबवावं.

काढण्याचा आणखी एक तोटा लोकांच्या लक्षात येत नाही. मूळ पोस्ट उडवली की तिच्याखालच्या चांगल्या प्रतिसादांचं काय? काही ठिकाणी तेही तिच्याबरोबर जातात, काही ठिकाणी बिनबुडाचे लटकत राहतात. आपल्या उदाहरणात भाडेकराराबद्दलचा तो प्रतिसाद ज्याने पंधरा मिनिटं खर्च करून लिहिला, त्याने काहीच चूक केलेली नाही. धागा सरसकट उडवला तर त्याची मेहनत जाते, असल्याच अडचणीत सापडलेल्या पुढच्या वाचकाचंही नुकसान होतं. नाराज होऊन पहिला निघून जातो तो असा माणूस, आणि तो तक्रारही करत नाही. त्यामुळे मॉडरेटरला ते कधी कळत नाही.

आता ताकीद. इथे दोन गोष्टी मन लावून समजून घ्याव्यात असं मला वाटतं.

पहिली गोष्ट कारण सांगण्याची. २०१९ साली रेडिटवर ज्यांच्या पोस्ट काढल्या गेल्या होत्या अशा ९०७ जणांचं सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. त्यातल्या एक तृतीयांशाहून जास्त लोकांना आपली पोस्ट का काढली हे समजलंच नव्हतं. त्याच सुमारास त्याच संशोधकांपैकी काहींनी कोट्यवधी पोस्ट तपासल्या. पोस्ट काढताना कारण सांगितलेल्या लोकांची पुढची पोस्ट काढावी लागण्याची शक्यता कमी झालेली दिसली. आणि कारण माणसाने लिहिलं की आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामने, याने फारसा फरक पडला नाही. म्हणजे मॉडरेटरकडे प्रत्येकाला पत्र लिहायला वेळ नसला, तरी नियमाचं नाव आणि त्याचा नेमका अर्थ सांगणारा तयार मजकूरही काम करतो. रात्री अकरा वाजता पन्नास तक्रारी समोर असलेल्या माणसाला याचा मोठा आधार आहे. ‘वेळ नव्हता म्हणून कारण सांगितलं नाही’ ही सबब मात्र त्यामुळे उरत नाही.

दुसरी गोष्ट मोजणीची. बहुतेक समूहांत तीन ताकिदींनंतर काही दिवस लिहिणं बंद, असा काहीतरी हिशोब असतो. गडबड होते ती ताकीद कधी मोजायची यात. एखाद्याने रात्री नऊ ते दहाच्या दरम्यान नियम मोडणारे पाच प्रतिसाद टाकले. मॉडरेटर साडेदहाला बघतो आणि प्रत्येकाला एक याप्रमाणे ताकिदी देतो. सकाळी त्या माणसाला एकदम पाच ताकिदी आणि बंदी दिसते. खरं तर त्याला सुधारायची संधी एकदाही मिळालेली नाही. विकिपीडियावर ताकिदीचे चार स्तर आहेत. पहिल्या स्तराची भाषा हेतू चांगला होता असं धरून लिहिलेली असते, चौथी शेवटची असते आणि त्यानंतर खातं रोखलं जातं. पण पुढच्या स्तरावर जायचं तर आधीची ताकीद मिळाल्यानंतर त्या व्यक्तीने पुन्हा तेच केलेलं असावं लागतं. हा नियम कोणत्याही समूहाने जसाच्या तसा उचलावा. ताकीद पोचण्याआधीचं सगळं एकच चूक धरायचं. अर्थात धमकी किंवा उघड छळ असेल तर थेट शेवटच्या ताकिदीपासून सुरुवात करायची मुभा तिथेही ठेवलेली आहे, आणि ती हवीच.

ताकीद आणि माहिती यांतही फरक करावा. डिस्कोर्सवर मॉडरेटर साधा खासगी संदेश पाठवू शकतो किंवा त्याच संदेशावर अधिकृत ताकीद अशी खूण करू शकतो, जी त्या सभासदाच्या नोंदीत कायमची राहते. पहिल्यांदा चुकलेल्याला मी नेहमी साधा संदेशच पाठवेन. २०१६ मध्ये रेडिटवरच्या विज्ञानविषयक समूहात, जिथे तेव्हा १ कोटी ३० लाख सभासद होते, एक प्रयोग झाला. काही चर्चांच्या माथ्यावर नियम काय आहेत, ते कसे लागू होतात हे सांगणारी टीप चिकटवली, काहींवर नाही. टीप असलेल्या चर्चांत नव्या लोकांनी नियम पाळण्याचं प्रमाण आठ टक्के बिंदूंहून जास्त वाढलं, शिवाय नव्या लोकांचा सहभागही वाढला. नियम समोर दिसला तर लोक घाबरून गप्प बसतील असं अनेकांना वाटतं. तिथे उलटंच दिसलं. पोस्ट येण्याआधी सांगितलेला नियम नंतरच्या ताकिदीपेक्षा स्वस्त पडतो आणि त्यात कोणाचा अपमान होत नाही.

परत शनिवारच्या रात्रीकडे येऊ. दहा वाजून सात मिनिटं. मॉडरेटर मूळ पोस्ट लपवतो, काढत नाही. लपवण्याआधी तिचा स्क्रीनशॉट घेऊन फक्त मॉडरेटरांच्या खासगी विभागात ठेवतो. इथे एक अपवाद पक्का लक्षात ठेवावा. लहान मुलांचं लैंगिक शोषण दाखवणारं काही असेल तर स्क्रीनशॉट काढायचा नाही, जवळ ठेवायचं नाही, कोणाला ‘बघ’ म्हणून पाठवायचं नाही. ते बाळगणं हाच गुन्हा ठरू शकतो. तिथे झाकपाक नसते. ताबडतोब प्लॅटफॉर्मला आणि cybercrime.gov.in वर कळवायचं.

मग तो प्रतिसादांकडे वळतो. नंबर पुन्हा चिकटवणाऱ्या दोघांच्या प्रतिसादांत नंबराखेरीज काहीच नाही, त्यामुळे ते सरळ काढले जातात. कायद्याच्या लांब प्रतिसादातला नंबर मॉडरेटर स्वतः खोडतो, तिथे ‘खासगी माहिती मॉडरेटरने वगळली’ असं लिहितो, जुनी आवृत्ती लपवतो आणि लेखकाला तसं कळवतो. दुसऱ्याच्या लिखाणात हात घालणं हे नाजूक काम आहे. मी ते फक्त नंबर, पत्ता, ईमेल अशा सुट्या निघणाऱ्या गोष्टींपुरतं मान्य करते. शिवी खोडून वाक्य सौम्य करणं किंवा ‘चोर’च्या जागी ‘संशयित’ घालणं कधीच नाही. त्याने न लिहिलेलं वाक्य त्याच्या नावावर दिसू लागतं.

‘घरी जाऊ, कोण कोण येतंय’ म्हणणाऱ्याचा प्रतिसाद काढला जातो. मग माणसाचा निर्णय. त्याची नोंद उघडल्यावर दिसतं, की दोन महिन्यांपूर्वी अशाच जमाव करण्याच्या बोलण्यावरून त्याला संदेश गेला होता आणि त्याने तो वाचला होता. म्हणजे नियम त्याला माहीत आहे. त्याला अधिकृत ताकीद मिळते आणि आठवडाभर लिहिणं बंद होतं. नंबर चिकटवणाऱ्या दोघांची नोंद कोरी आहे. त्यांना दोन ओळींचा संदेश पुरतो.

आणि मूळ लेखिका? तिने तर सगळ्यात मोठा नियम मोडलाय. पण ती नवी आहे, तिचे पैसे बुडालेत आणि संतापात तिने जे केलं ते समूहातल्या कित्येकांनी केलं असतं. तिला जाणारा संदेश साधारण असा असावा:

‘नमस्कार. तुमची पोस्ट आम्ही सध्या लपवली आहे, काढलेली नाही. एजंटच्या घरचा पत्ता, त्याच्या कुटुंबाचा फोटो आणि सगळ्यांनी फोन करा हे आवाहन आमच्या खासगी माहितीच्या नियमात बसत नाही. या तीन गोष्टी काढून पोस्ट जतन केलीत तर आम्ही ती पुन्हा दाखवू. डिपॉझिटचा अनुभव, तारखा, रक्कम, तुमचं झालेलं बोलणं, हे सगळं जरूर ठेवा. तुमच्या पोस्टखाली एका सभासदाने नोटिशीबद्दल उपयोगी माहिती दिली आहे, ती तुम्हाला दिसेल. उद्या रात्री दहापर्यंत आम्ही वाट बघू. काही शंका असल्यास इथेच लिहा.’

या संदेशात मोबाइल नंबराचा उल्लेख नाही, ते का? एजंटने तो नंबर स्वतःच जाहिरातीत, पाटीवर छापलेला असेल तर तो खासगी म्हणता येत नाही. गिऱ्हाइकांना अमक्या कार्यालयाच्या नंबरवर आलेला अनुभव सांगणं रास्त आहे. तो नंबर छळाचं हत्यार होतो तो ‘झोपू देऊ नका’ या ओळीने. ही ओळ आणि घरचा पत्ता गेला, की कार्यालयाचा नंबर राहू द्यायला हरकत नाही. हा नंबर जाहिरातीतलाच आहे की त्याचा घरगुती, हे मॉडरेटरने शोधून बघावं आणि खात्री होईपर्यंत तो झाकलेलाच ठेवावा. खात्री झाली की तसं तिला कळवावं.

एजंटने पैसे खरंच बुडवले का, हे ठरवणं मॉडरेटरचं काम नाही. तो तपास करू लागला तर दोन्ही बाजू त्याला पुरावे पाठवत बसतील आणि शेवटी त्याने कोणाच्या तरी बाजूने न्याय दिला असं होईल. नियम मजकुराच्या रूपाला लागतो. ‘माझे ६० हजार तीन महिने मिळालेले नाहीत’ हा अनुभव आहे, त्याची जबाबदारी सांगणाऱ्यावर. तो ठेवायचा.

तिचं उत्तर येतं, ‘म्हणजे तुम्ही त्या एजंटला सामील आहात तर.’ हे येणारच असं धरून चालावं. याला एकदा, शांतपणे उत्तर द्यावं, की अनुभव राहू द्यायची आमची तयारी आहे, वगळायच्या गोष्टी त्या तीनच. मग वाद वाढवू नये. ती रविवारी दुपारी पोस्ट सुधारते. मॉडरेटर जुनी आवृत्ती लपवतो, फोटोचा थेट दुवा उघडतोय का बघतो, खासगी खिडकीतून पान तपासतो आणि पोस्ट दिसू लागते. धाग्यात एक ओळ टाकली जाते, की खासगी माहिती वगळून पोस्ट पुन्हा उपलब्ध केली आहे. काय वगळलं, ते लिहायचं नाही.

ती सुधारणा करतच नाही असंही होऊ शकतं. रविवारी रात्री दहाला मॉडरेटरने ठरवायलाच हवं. मुदत संपल्यावर पोस्ट काढावी, तिला तसं कळवावं आणि चांगले प्रतिसाद असलेला धागा ‘डिपॉझिट परत मिळवण्याबद्दल’ अशा नव्या शीर्षकाखाली वेगळा चालू ठेवावा. लपवलेल्या पोस्टबद्दल मला सगळ्यात जास्त चीड येते ती इथे. मोठ्या समूहांत शेकडो पोस्ट ‘तात्पुरत्या’ लपलेल्या असतात आणि महिनोन्महिने त्यांच्याकडे कोणी फिरकत नाही. लिहिणाऱ्याला ना निर्णय कळतो ना कारण. लपवण्याच्या प्रत्येक निर्णयाबरोबर त्याचा शेवट कधी होणार ती वेळ आणि तो कोण करणार त्या मॉडरेटरचं नाव नोंदवलेलं असावं. ते शक्य नसेल तर लपवूच नये, सरळ कारण देऊन काढावं. निदान त्या माणसाला दाद तरी मागता येते.

आपोआप लपवण्याचा धोका वेगळा. दहा जणांनी संगनमताने तक्रारी केल्या तर नियमात बसणारं, फक्त त्यांना न आवडणारं मतही झाकता येतं. निवडणुकीच्या आणि जातीच्या विषयांवर हे हमखास होतं. ओळखायची खूण अशी, की तक्रारी फार थोड्या वेळात, एकाच गटाच्या आयडींकडून येतात आणि त्यांतल्या काही आयडी एरवी महिनाभर गप्प असतात. अशा वेळी पोस्ट पूर्ववत करून तक्रारी फेटाळाव्यात. तक्रार फेटाळली गेली की पुढच्या वेळी त्या सभासदाच्या तक्रारीचं वजन कमी धरण्याची सोय काही प्रणालींत आहे. ती बंद ठेवू नये.

निर्णय चुकतायत हे कळण्याच्या खुणाही ठरलेल्या आहेत. पोस्ट काढल्यावर ‘माझा धागा का उडवला’ असा दुसरा धागा निघाला, तर बहुतेक वेळा कारण पोचलेलं नसतं. तोच मजकूर नव्या आयडीने परत आला, तर ताकीद हवी होती तिथे नुसतं काढलं गेलंय. दाद मागितल्यावर निम्म्याहून अधिक निर्णय फिरवावे लागत असतील, तर घाईने काढलं जातंय. आणि एकही निर्णय कधी फिरत नसेल, तर दाद कोणी वाचतच नाही. चार मॉडरेटर असतील तर महिन्यातून एकदा काही जुन्या पोस्ट नावं झाकून चौघांसमोर ठेवाव्यात आणि प्रत्येकाने स्वतंत्रपणे काय केलं असतं ते लिहावं. उत्तरं चौघांची चार दिशांना गेली तर दोष सभासदांचा नाही, नियमच धूसर लिहिलाय.

कायद्याची भीती बऱ्याच मॉडरेटरांच्या मनात असते आणि तिच्यापायी ते दिसेल ते उडवत सुटतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये व्हॉट्सऍप ग्रुपच्या एका प्रकरणात म्हटलं, की सभासदाने आक्षेपार्ह काही लिहिलं तर केवळ ऍडमिन आहे म्हणून त्याच्यावर फौजदारी जबाबदारी येत नाही. दोघांचा समान हेतू होता असं दिसावं लागतं. त्या वेळी व्हॉट्सऍपवर ऍडमिनला दुसऱ्याचा संदेश पुसताच येत नव्हता, ती सोय २०२२ मध्ये आली. त्यामुळे त्या निकालाच्या भरवशावर उघड धमकी तशीच ठेवावी असं मी म्हणणार नाही. प्लॅटफॉर्म चालवणाऱ्या कंपन्यांवर मात्र २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी एक जबाबदारी टाकलेली आहे. बेकायदा म्हणून काढलेला मजकूर आणि त्याच्या नोंदी तपासासाठी १८० दिवस जपून ठेवायच्या. म्हणजे कायद्यालाही ‘काढणं’ याचा अर्थ कायमचं पुसणं असा अभिप्रेत नाही. स्वतः चालवलेल्या समूहातही काढलेली पोस्ट, कोणत्या नियमाखाली काढली, कोणी काढली आणि लेखकाला काय कळवलं, या चार गोष्टी एकत्र ठेवाव्यात. लेखिका तीन आठवड्यांनी दाद मागायला आली, तर त्या रात्री कामावर नसलेल्या मॉडरेटरलाही तिला नीट उत्तर देता येतं.